कॉल आला आणि जोडी गेली

मोबाइलवर गेम खेळणारा माणूस गेम कधीच बंद करत नाही, तो फक्त दुसरीकडे वळतो. हे वाक्य मी आमच्या तालुक्याच्या गावी, सार्वजनिक वाचनालयाच्या अभ्यासिकेत भरलेल्या एका छोट्या मेळाव्यात ऐकले. सॉफ्टवेअर लिहिणारी किंवा लिहू पाहणारी परिसरातील मंडळी तिथे अधूनमधून जमतात. त्यांत अभियांत्रिकीची मुले असतात, यवतमाळ-अमरावतीला नोकरी करून शनिवार-रविवारी घरी येणारे असतात आणि माझ्यासारखे, वर्षानुवर्षे जिनिंगच्या हिशेबाची सॉफ्टवेअरे सांभाळत बसलेले एक-दोन जुने लोकही असतात. बोलणारा तरुण पंचविशीच्या आतला होता. त्याने आपला पहिला मोबाइल गेम गूगल प्लेवर आणला होता आणि त्यातून काय शिकलो ते सांगायला तो उभा राहिला होता. अशा भाषणांत बहुधा चिकाटी, स्वप्ने आणि अपयश पचवणे यांविषयी बरेच काही ऐकावे लागते. या मुलाने मात्र त्यांपैकी कशालाही हात न लावता, खेळाडूंनी जिंकलेल्या बैलजोड्या नाहीशा कशा होत होत्या, या एकाच प्रश्नावर जवळजवळ सगळा वेळ घेतला. मला ते फार आवडले, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

गेम शंकरपटाचा, म्हणजे आमच्याकडच्या बैलजोड्यांच्या शर्यतीचा आहे. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरच्या पटाचे नाव आमच्याकडे लहान मुलांनाही ठाऊक असते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४च्या निकालानंतर बैलांच्या शर्यती थांबल्या, डिसेंबर २०२१मध्ये महाराष्ट्राला त्या अटींसह घेण्याची अंतरिम परवानगी मिळाली आणि मे २०२३मध्ये न्यायालयाने राज्याचा कायदा वैध ठरवला. मधल्या वर्षांत हा मुलगा शाळा-कॉलेजात होता, त्यामुळे त्याच्या डोळ्यांसमोरचा पट बराचसा वडीलधाऱ्यांच्या बोलण्यातून उभा राहिलेला आहे. त्याच्या गेममध्ये एका वेळी एकच जोडी धावते आणि तिची वेळ मोजली जाते. खेळाडू हा धुरकरी. बोटाच्या टिचक्यांनी लय सांभाळायची, जोडी एका अंगाला ओढू लागली की तिला सरळ आणायचे, ठरलेल्या वेळेच्या आत पोहोचले की नवी जोडी मिळते. एकूण जोड्या आठ. सगळी गंमत या जोड्या गोळा करण्यात आहे आणि नेमक्या त्याच हरवत होत्या.

बाजारात आणण्यापूर्वी चाचणी झालीच नव्हती असे नाही. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक विकसक खात्यांसाठी गूगल प्लेने बंद चाचणीची अट घातली आहे. ठरावीक संख्येच्या परीक्षकांनी सलग १४ दिवस चाचणीत सामील राहिले पाहिजे, त्यानंतरच गेम सर्वांसाठी खुला करण्याचा अर्ज करता येतो. ही संख्या आधी २० होती, डिसेंबर २०२४मध्ये ती १२वर आली. २५ डॉलर भरून खाते उघडणे एक वेळ सोपे, पण बारा माणसांना दोन आठवडे धरून ठेवणे अवघड, असे तो म्हणाला तेव्हा खोलीतले दोघे-तिघे ओळखीचे हसले. त्याने कॉलेजातले मित्र गोळा केले. त्यांनी प्रामाणिकपणे खेळून पाहिले, दोन-चार चुका दाखवल्या, त्या त्याने दुरुस्त केल्या आणि गेम प्रसिद्ध झाला.

मग तक्रारी सुरू झाल्या. प्लेवरच्या अभिप्रायांत एक तारा देऊन लोक लिहीत होते की, जिंकलेल्या जोड्या जातात. गावात तर तोंडावरच ऐकू येऊ लागले. त्याच्या चुलतभावाच्या दहा वर्षांच्या मुलाने भर अंगणात विचारले, "काका, माही जोडी कुठी गेली?" त्याच्याकडे उत्तर नव्हते, कारण त्याच्या स्वतःच्या फोनवर एकही जोडी कधी गेली नव्हती. विकसकांसाठी असलेल्या प्ले कन्सोलमध्ये गेम कोसळण्याचा आलेख पाहावा तर तोही स्वच्छ. मित्रांच्या फोनवर गेम व्यवस्थित चालू.

इथून पुढचे त्याचे बोलणे मला एखाद्या चांगल्या पंचनाम्यासारखे वाटले. त्याने त्या मुलाला फोन घेऊन शेजारी बसवले आणि काही न सांगता फक्त खेळायला लावले. फोन मुलाच्या वडिलांचा होता, दोन जीबी रॅमचा आणि काही वर्षे वापरलेला. मुलाने दोन शर्यती जिंकल्या, तिसरी जोडी मिळवली. तेवढ्यात वडिलांना कॉल आला. शेतात लाइन आली होती, मोटर चालू करायची होती. वडिलांनी फोन घेतला, बोलले, मग व्हॉट्सअ‍ॅप उघडून कुणाला तरी एक फोटो पाठवला आणि फोन मुलाच्या हाती परत दिला. मुलाने गेमच्या चिन्हावर बोट ठेवले. गेम अगदी सुरुवातीपासून उघडला, बोधचिन्हासकट, आणि तिसरी जोडी नव्हती.

यात दोन वेगळी कारणे एकमेकांत मिसळलेली होती आणि ती सुटी करून दाखवण्यातच त्याचे कौशल्य होते. पहिले कारण प्रगती कधी जतन होते हे. त्याने गेम संगणकावर लिहिला होता आणि संगणकावरच्या सवयीने जतन करण्याचे काम मुख्य पडद्यावरच्या 'बाहेर पडा' या बटणाला जोडले होते. खिडकी बंद केली तरीही जतन व्हावे, अशी सोयही केली होती. संगणकावर खेळणारा या दोन्हींपैकी एका वाटेने बाहेर पडतोच. फोनवर मात्र 'बाहेर पडा' कुणी दाबत नाही. लोक होमचे बटण दाबतात, कॉल घेतात, पडदा मालवून फोन खिशात टाकतात. अँड्रॉइडच्या दृष्टीने गेम तेव्हा संपलेला नसतो, फक्त पार्श्वभूमीत गेलेला असतो. एकदा तो तिथे गेला की, मेमरी कमी पडल्यावर त्याची प्रक्रिया कोणतीही सूचना न देता मारून टाकण्याची मुभा प्रणालीला आहे. अ‍ॅप नष्ट होताना चालणारी `onDestroy` ही पायरीदेखील चालेलच अशी हमी अँड्रॉइड देत नाही. म्हणजे निरोपाच्या क्षणी सामान आवरू, असे ठरवून बसलेल्या गेमला निरोपाचा क्षण लाभतच नाही.

आणि असे मरणे 'कोसळणे' या सदरात मोजले जात नाही. प्रणालीने आपल्या नियमाप्रमाणे एक निजलेली प्रक्रिया काढून टाकली, त्यात बिघाड काहीच नाही. म्हणून आलेख स्वच्छ होता. प्ले कन्सोलच्या प्रसिद्धीपूर्व अहवालातही हे दिसले नाही, कारण तिथे यंत्र गेम चालवून पाहते, त्या यंत्राला शेतातून कॉल येत नाही.

माझ्या मनात इथे एक तुलना आल्याशिवाय राहिली नाही. जिनिंगच्या काट्यावर कापसाच्या गाडीचे वजन झाले की त्याच क्षणी पावती फाटते. दिवसाअखेर सगळ्या पावत्या एकदम फाडू, असे म्हणणारा काटेवाला एक दिवसही टिकणार नाही. हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये आम्ही नोंद झाली की लगेच साठवतो, कारण आमच्याकडे वीज जाते हे आम्ही धरूनच चालतो. गेम लिहिणाऱ्या पोरांना ही सवय नसते, याचे मला थोडे आश्चर्य वाटले आणि थोडे बरेही वाटले, हे कबूल करायला हरकत नाही.

त्याची दुरुस्ती दोन ठिकाणी होती. पहिली, शर्यत संपून निकाल लागला की त्याच वेळी जतन करायचे, पुढचा पडदा दाखवण्यापूर्वी. दुसरी, गेम पार्श्वभूमीत जाताना पुन्हा एकदा जतन करायचे. गेम त्याने गोडॉट या मोफत इंजिनमध्ये बनवला आहे आणि तिथे ही दुसरी गोष्ट एवढ्याशा मजकुरात होते:

```gdscript
func _notification(what):
    if what == NOTIFICATION_APPLICATION_PAUSED:
        save_game()
```

ही सूचना फोनवरच मिळते, संगणकावर गेम चालवून पाहताना ती येत नाही. म्हणून संगणकावर बसून हा भाग तपासता येत नाही, हे त्याने दोनदा सांगितले.

अर्धी शर्यत झालेली असताना कॉल आला तर काय, असा प्रश्न एका मुलीने मध्येच विचारला. शर्यतीतली प्रत्येक अवस्था साठवायची तर बैलांची जागा, वेग, लय आणि घड्याळ हे सगळे जसेच्या तसे परत उभे करावे लागेल. त्याने तो मार्ग सोडून दिला. शर्यत अर्ध्या मिनिटाचीदेखील नसते, तेव्हा अर्धवट शर्यत विसरून ती पुन्हा खेळू द्यायची आणि जे एकदा मिळाले ते कधी जाऊ द्यायचे नाही, एवढेच त्याने ठरवले. मला हा निर्णय योग्य वाटला. चार तासांची गोष्टीची मालिका असती तर तो चालला नसता.

आता दुसरे कारण. जतन करण्यातला दोष सगळ्यांच्या फोनवर सारखाच होता, मग तो मित्रांच्या फोनवर का दिसला नाही? कारण त्यांच्या फोनमध्ये सहा-आठ जीबी रॅम होती. कॉल आला, संपला, तोवर गेम मेमरीत तसाच पडून होता. परत आले की तिथूनच पुढे चालू. दोन जीबीच्या फोनवर प्रणाली आणि तिच्या जोडीला चालणारी अ‍ॅप्स यांनीच बहुतेक जागा व्यापलेली असते. डायलर आला, व्हॉट्सअ‍ॅप आले, कॅमेरा उघडला की जागा हवी होते. अशा वेळी अँड्रॉइडची यंत्रणा, ज्या प्रक्रियेची वापरणाऱ्याला या क्षणी सर्वांत कमी गरज असेल तिच्यापासून सुरुवात करून जागा मोकळी करते. पडद्यावर असलेल्या अ‍ॅपला ती शक्यतो हात लावत नाही. मागे गेलेले आणि भरपूर जागा अडवून बसलेले अ‍ॅप तिला सोयीचे पडते. हा गेम नेमका तसा होता.

किती जागा अडवतो हे त्याने मोजले. फोन केबलने संगणकाला जोडून, package च्या जागी अ‍ॅपचे पॅकेज-नाव घालून पुढची आज्ञा दिली की त्या अ‍ॅपच्या मेमरीची फोड मिळते:

```
adb shell dumpsys meminfo <package>
```

एकूण आकडा ३९० एमबीच्या आसपास निघाला. त्याला ते पटेना, कारण प्लेवरून उतरवायचा गेम ४० एमबीच्या आत होता आणि सगळी चित्रे मिळून फाइलींचा आकार जेमतेम काही एमबी होता. इथे त्याने फळ्यावर हिशेब मांडला आणि माझ्या मते भाषणातला सर्वांत उपयोगी भाग हाच होता.

चित्राची पीएनजी फाइल दाबून भरलेली असते. मोठे निळे आभाळ एकाच रंगाचे असेल तर ते फाइलीत थोडक्यात मावते. पण ग्राफिक्सच्या मेमरीत जाताना हे चित्र पूर्ण उलगडते आणि प्रत्येक पिक्सेलसाठी चार बाइट लागतात: लाल, हिरवा, निळा आणि पारदर्शकता यांचा प्रत्येकी एक. गोडॉटमध्ये द्विमितीय चित्रांसाठी मूळची निवड हीच असते. म्हणून २०४८ गुणिले २०४८ पिक्सेलचे एक पान, फाइल कितीही लहान असली तरी, मेमरीत १६ एमबी घेते. एका बैलजोडीच्या धावण्याची सगळी चित्रे त्याने अशा एका पानावर मांडली होती. जोड्या आठ, म्हणजे १२८ एमबी. मागे सरकणारे देखावे पाच थरांचे होते, प्रत्येक थर ४०९६ गुणिले १०२४चा, म्हणजे पुन्हा १६ एमबी; पाचांचे ८०. दोन्ही मिळून २०८ एमबी नुसती चित्रे.

पण एका वेळी तर एकच जोडी धावते, मग आठही मेमरीत कशा? जोडी निवडण्याच्या पडद्यासाठी त्याने आठही पाने `preload` या शब्दाने मागवली होती. `preload` म्हटले की ती स्क्रिप्ट मेमरीत येतानाच चित्रेही येतात आणि स्क्रिप्ट राहील तोवर राहतात. निवडीच्या पडद्यावर जोडी अंगठ्याएवढी दिसते, तिच्यासाठी पूर्ण पान आणून ठेवलेले. हे लक्षात आल्यावर त्याने निवडीसाठी २५६ पिक्सेलची आठ छोटी चित्रे केली. प्रत्येकाला पाव एमबी लागतो, सगळी मिळून दोन. शर्यत सुरू होताना निवडलेल्या जोडीचे तेवढे पान `load` ने आणायचे आणि शर्यत संपली की त्याचा संदर्भ सोडून द्यायचा.

दुसरी काटछाट आकाराची. या स्वस्त फोनांचा पडदा बहुधा ७२० पिक्सेल उंचीचा असतो. त्यावर बैलजोडी जेवढी दिसते त्याच्या दुपटीहून मोठी तिची चित्रे काढलेली होती. लांबी आणि रुंदी दोन्ही निम्मी केली की मेमरी चौथाई होते. जोडीचे पान १६वरून ४ एमबीवर आले आणि देखाव्याचे पाच थर ८०वरून २० एमबीवर. सगळा हिशेब २०, ४ आणि २, म्हणजे २६ एमबी. पुन्हा मोजल्यावर एकूण आकडा सुमारे २१० एमबी आला. उरलेले इंजिन, आवाज आणि बाकीचे. त्यात त्याला फारसे काही करता आले नाही. चित्रे मेमरीतही दाबूनच ठेवणारी ईटीसी२ ही पद्धत त्याने करून पाहिली होती, तीत पारदर्शकतेसह पिक्सेलला एकच बाइट लागतो. मात्र हाताने काढलेल्या बैलांच्या शिंगांच्या कडा मळकट दिसू लागल्या, म्हणून त्याने ती सोडली.

त्याने एक इशारा लगेच दिला, तो महत्त्वाचा आहे. मेमरी कमी केल्याने गेम मरायचा थांबत नाही, क्वचित मरतो एवढेच. ज्याच्या फोनवर कॅमेरा उघडला की सगळेच साफ होते, त्याच्याकडे २१० एमबीचा गेमही मरेल. म्हणून जोड्या वाचवण्याचे श्रेय जतन करण्याला आहे. मेमरीच्या कामाचा फायदा वेगळा: कॉल संपवून परत आलेल्या माणसाला बोधचिन्हापासून सुरुवात करावी लागत नाही.

मग दुरुस्ती झाली हे कसे ओळखायचे? दर वेळी कुणाला तरी कॉल करायला सांगणे शक्य नाही. त्यासाठी त्याने एक साधी रीत सांगितली. एक शर्यत जिंकायची, होमचे बटण दाबायचे आणि संगणकावरून

```
adb shell am kill <package>
```

ही आज्ञा द्यायची. ही आज्ञा पार्श्वभूमीतली प्रक्रिया मारते, मेमरी कमी पडल्यावर प्रणाली मारते साधारण तशीच. मग चिन्हावर बोट ठेवून गेम उघडायचा आणि जोडी आहे का पाहायचे. गेम पडद्यावर असताना ही आज्ञा दिली तर काहीच होत नाही, म्हणून आधी होम दाबणे विसरू नये. अँड्रॉइड ११ किंवा पुढची आवृत्ती असलेल्या फोनवर खरोखर काय घडले तेही विचारता येते: `adb shell dumpsys activity exit-info <package>` म्हटले की प्रक्रिया याआधी कोणत्या कारणाने संपली त्याच्या नोंदी दिसतात आणि मेमरीसाठी मारली असेल तर बऱ्याच फोनांवर तसे कारण लिहिलेले सापडते. प्रेक्षकांतल्या एकाने तिथल्या तिथे आपला फोन जोडून हे करून पाहिले आणि त्याच्या स्वतःच्या अ‍ॅपच्या नोंदींत तेच कारण निघाले. त्यानंतर काही वेळ कुणाचे भाषणाकडे लक्ष नव्हते.

दुरुस्त आवृत्ती त्याने आधी थोड्या टक्के लोकांना दिली. प्लेवर अद्ययावत आवृत्ती अशी टप्प्याटप्प्याने सोडता येते, पहिली प्रसिद्धी मात्र अशी करता येत नाही. ती एकदम सगळ्यांपुढे जाते. सोडलेली आवृत्ती थांबवता येते, पण ज्यांच्याकडे ती पोहोचली त्यांच्याकडून परत घेता येत नाही. टप्पा लहान ठेवला हे बरेच झाले, कारण दोन-तीन दिवसांत एक नवीच तक्रार आली. आता एखादी जोडी जात नव्हती, सगळ्याच जात होत्या. फार थोड्या लोकांच्या, पण पूर्णपणे.

हे कोडे सोडवायला त्याला गावातल्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानदाराने मदत केली. तक्रार करणाऱ्या एका मुलाचा फोन दुकानात आला होता, तो वेगळ्याच कारणासाठी: फोनमध्ये जागाच उरली नव्हती. सकाळच्या शुभेच्छांची चित्रे, लग्नांचे व्हिडिओ, कीर्तने, सगळे भरलेले. दुकानदार म्हणाला, "भाऊ, हा फोन तर गच्च हाय, तुया गेम लिहिते कुठी?" प्रश्न बरोबर होता. `save.json` ही फाइल लिहिण्यासाठी उघडली की तिच्यातला जुना मजकूर त्याच क्षणी पुसला जातो. मग नवा मजकूर लिहायला जावे तर जागा नाही. उरते ती रिकामी फाइल. पूर्वी जतन क्वचित व्हायचे म्हणून हा प्रसंग आला नव्हता. आता प्रत्येक शर्यतीनंतर आणि प्रत्येक कॉलला जतन होऊ लागले आणि तितक्या वेळा ही जोखीमही घेतली जाऊ लागली. एका दोषाच्या दुरुस्तीने आजवर झाकून राहिलेला दुसरा दोष उघडा पाडला.

यावरचा उपाय जुना आणि सर्वमान्य आहे. नवा मजकूर आधी वेगळ्या फाइलीत लिहायचा, तो नीट उतरला का ते वाचून पाहायचे आणि मगच तिचे नाव बदलून तिला जुन्या फाइलीच्या जागी आणायचे. कुठेही अडखळले तरी जुनी प्रगती शाबूत राहते.

```gdscript
func save_game():
    var text = JSON.stringify(progress)
    var f = FileAccess.open("user://save.tmp", FileAccess.WRITE)
    if f == null:
        return
    f.store_string(text)
    f.close()
    if FileAccess.get_file_as_string("user://save.tmp") == text:
        DirAccess.rename_absolute("user://save.tmp", "user://save.json")
```

फोन भरलेला असेल तर नवी जोडी अर्थातच साठणार नाही, पण आधीच्या जाणार नाहीत. तेव्हा पडद्यावर 'फोनमध्ये जागा नाही, ही जोडी जतन झाली नाही' असे मराठीत लिहून येईल अशी सोय त्याने नंतर केली. लोक गेमवर रागावण्याऐवजी शुभेच्छांची चित्रे पुसायला बसले, असे तो हसत म्हणाला.

परीक्षक निवडण्याविषयी त्याने शेवटी थोडे सांगितले. पुढच्या गेमसाठी तो माणसे मोजणार नाही, फोन मोजणार आहे. बारांपैकी निदान चार फोन दोन-तीन जीबीचे, त्यांतला एक जागा भरत आलेला, आणि एक असा की जो घरात तिघेजण वापरतात. परीक्षकांनी काय खेळले यापेक्षा मधे काय-काय आले, कॉल, गाणी, फोनचे चार्जिंग संपणे, हे त्यांनी लिहून द्यावे असे तो सांगणार आहे. कमी रॅमचे फोन प्ले कन्सोलमधून सरळ वगळण्याची सोय आहे, ती का वापरली नाही असे मी विचारले. तसे केले असते तर तारे वाढले असते, हे त्याला मान्य होते. "पण मंग माह्या गावातच गेम दिसला नसता ना, सर," तो म्हणाला. मला वाटते, शहरातल्या कंपनीने हा निर्णय उलटा घेतला असता आणि तिच्या हिशेबाने तोही चुकीचा ठरला नसता.

चर्चा सगळ्यांत जास्त रंगली ती नुकसानभरपाईवर. ज्यांच्या जोड्या गेल्या त्यांचे काय? गेम पूर्णपणे फोनमध्येच चालतो, सर्व्हर नाही, त्यामुळे कुणाकडे काय होते याची नोंद कुठेच नाही. गेलेली प्रगती परत आणता येत नव्हती आणि ती गेलेल्यांना ओळखताही येत नव्हते. नव्याने गेम घेतलेला आणि सगळे गमावलेला, दोघांच्याही फोनमध्ये सारखीच रिकामी पाटी. त्याने दुरुस्तीच्या आवृत्तीत पहिल्या तीन जोड्या सरसकट सगळ्यांना देऊन टाकल्या आणि एक तारा देणाऱ्या प्रत्येकाला प्लेवर उत्तर लिहिले. विकसकाच्या उत्तराला तिथे ३५० अक्षरांची मर्यादा असते. काय बिघडले होते, काय दुरुस्त केले आणि तीन जोड्या मिळतील, एवढे सांगून माफी मागायला ती पुरली. काहींनी आपले तारे वाढवले, काहींनी वाढवले नाहीत.

मागच्या रांगेतल्या एका मुलाला हे अजिबात मान्य नव्हते. त्याने तिसरी जोडी पुष्कळ वेळा हरून मिळवली होती आणि आता ती फुकटात वाटली जात होती. वक्त्याने त्याची बाजू ऐकून घेतली, ती खरी आहे असे म्हटले आणि मग विचारले की सुरुवातीच्या तीनऐवजी मधल्या कोणत्या जोड्या वाटल्या असत्या तर त्याला चालले असते. त्यावर अभ्यासिकेची वेळ संपेपर्यंत दोघांचे एकमत झाले नाही.